कान्होजी आंग्रे आणि 1737 सालचं एक पान : साधन तपासायला लावणारा इतिहासाचा पेपर कसा काढावा

सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिला धडाच 'इतिहासाची साधने' हा आहे. भौतिक, लिखित आणि मौखिक हे तीन प्रकार मुलं पाठ करतात, 'मौखिक साधनांची दोन उदाहरणे लिहा' या प्रश्नाला ओवी आणि पोवाडा असं उत्तर देतात आणि पूर्ण गुण घेतात. त्याच मुलांपुढे एखादं खरं साधन ठेवा आणि विचारा, 'यावर किती विश्वास ठेवशील?' बहुतेक मुलं साधनात लिहिलेलंच पुन्हा आपल्या शब्दांत लिहून देतात. ते कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं हे बघायची सवय त्यांना कोणी लावलेलीच नसते, कारण पेपरात ते कधी विचारलं जात नाही.

अमेरिकेतले अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांनी 1991 मध्ये इतिहासकार आणि शाळकरी मुलं यांना तीच कागदपत्रं वाचायला देऊन, वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं होतं. इतिहासकार मजकुराआधी तळाला जाऊन कागद कोणाचा आणि कधीचा हे बघत होते. मुलं पहिल्या शब्दापासून सुरुवात करून शेवटपर्यंत वाचत होती. आपल्याला तपासायची आहे ती ही तळाला जाण्याची सवय, आणि त्यासाठी मोठा पेपर लागत नाही. आठवी-नववीच्या वर्गासाठी दोन साधनं, दोन प्रश्न, आठ गुण आणि एक तासिका पुरते. आकारिक मूल्यमापनात हे सहज बसतं. असा एक पेपर कसा तयार करायचा ते आपल्या किनाऱ्यावरच्याच विषयावरून दाखवतो.

विषय कसा निवडायचा

विषय असा हवा की ज्यावर मुलांचं मत आधीच बनलेलं आहे. कोकणात कान्होजी आंग्रे हा असा विषय आहे. अलिबाग, हर्णै, विजयदुर्ग, कुठल्याही बंदरातल्या मुलाला हे नाव माहीत असतं आणि त्याचा अभिमान असतो. अभिमान असावाच. पण पेपर काढणाऱ्यापुढे त्यामुळे एक खरी अडचण उभी राहते. इंग्रजांचं साधन दिलं की मूल 'इंग्रज खोटं लिहायचे' असं लिहून मोकळं होतं. निष्कर्ष बरोबर असेलही, पण साधन त्याने तपासलेलं नसतं. ते फक्त आपल्या बाजूला उभं राहिलेलं असतं, आणि आपण गुण दिले तर ते बाजू घेतल्याचेच होतात.

म्हणून या पेपरात दोन साधनं लागतात. एक विरोधी बाजूचं पण घटनेच्या जवळच्या काळातलं, आणि दुसरं आपल्या बाजूचं पण काळाने फार लांबचं. दोन्हींना सारखाच प्रश्न विचारायचा. जे मूल पहिल्याला 'शत्रूचं म्हणून खोटं' आणि दुसऱ्याला 'आपलं म्हणून खरं' म्हणेल, त्याची उत्तरं शेजारी ठेवली की आपल्याला लगेच कळतं.

पहिलं साधन म्हणजे लंडनमध्ये 1737 साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकाचं शीर्षकपान. लेखक क्लेमंट डाउनिंग. शीर्षकातच आंग्र्यांचं नाव 'अँग्रिया द पायरेट', म्हणजे 'चाचा आंग्रे', असं छापलंय. दुसरं साधन म्हणजे भारतीय टपाल खात्याने 1999 साली कान्होजींच्या स्मरणार्थ काढलेलं तिकीट, ज्यावर त्यांच्या आरमारातलं गुराब जातीचं जहाज दाखवलंय.

पहिल्याच खेपेला सिंधुदुर्गावरच्या महाराजांच्या हाताच्या आणि पायाच्या ठशांसारखा श्रद्धेचा विषय घेऊ नये, असं माझं मत आहे. मुलं प्रश्न समजून घेण्याआधीच दुखावतात आणि घरी वेगळाच निरोप जातो. आधी शीर्षकपान आणि तिकीट यांवर हात बसू द्या.

आणखी एक पथ्य, आणि ते कसोशीने पाळा. साधन स्वतः रचू नका. 'एका इंग्रज अधिकाऱ्याचं पत्र' असं म्हणून आपणच चार ओळी लिहून देणं सोपं वाटतं, पण कागद कोणाचा हे तपासायला शिकवताना मुलांच्या हातात बनावट कागद देणं योग्य नाही. शिवाय रचलेल्या मजकुरात आपल्याला हवी तीच खूण आपण ठेवतो, आणि मुलं पेपर काढणाऱ्याच्या मनातलं ओळखायला शिकतात.

कागद कसा मांडायचा

एका पानावर एकच साधन ठेवा. शीर्षकपानाची स्पष्ट प्रत, तिच्याखाली मराठीत दोन ओळींचा अर्थ आणि त्याखाली चौकटीत साधनाची ओळख. ती अशी:

'लेखक : क्लेमंट डाउनिंग. ईस्ट इंडिया कंपनीच्या आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमांमध्ये जहाजावर होता. प्रकाशन : लंडन, 1737. कान्होजी आंग्रे यांचा मृत्यू : 1729.'

सनावळी इथेच छापून द्यायची. या पेपरात 1729 पाठ आहे का हे आपण तपासत नाही. 1729 आणि 1737 शेजारी दिसल्यावर मूल त्यातून काही काढतं का, हे तपासतोय. तारखांचं महत्त्व यात कमी होत नाही, कारण इथे प्रत्येक तारखेला काम आहे. कान्होजी गेल्यानंतर आठ वर्षांनी छापलेल्या पुस्तकातला 'अँग्रिया' नेमका कोण, असं एखादं चौकस मूल विचारू शकतं. प्रश्न रास्त आहे. इंग्रज लोक हे आडनाव त्या घराण्यातल्या कोणालाही लावत. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं उत्तर वेगळं काढून ठेवा.

आता प्रश्न. 'या साधनाची विश्वासार्हता तपासा' असं विचारलं तर काहीच हाती लागत नाही. 'विश्वासार्ह आहे' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येतं. साधन कशासाठी वापरायचं ते प्रश्नातच सांगावं लागतं, कारण एकच साधन एका गोष्टीसाठी निरुपयोगी आणि दुसरीसाठी अमूल्य असू शकतं. मी प्रश्न असा ठेवतो:

'एका मुलाने प्रकल्पात लिहिलं : कान्होजी आंग्रे समुद्रावरचे चाचे होते. पुरावा म्हणून त्याने हे पान जोडलं. खालीलपैकी कोणत्याही दोन माहिती निवडा. प्रत्येक माहितीमुळे या पुराव्यावरचा तुमचा विश्वास वाढतो की कमी होतो, आणि का, ते तीन-चार वाक्यांत लिहा.'

खाली चार माहिती द्यायच्या. पहिली, डाउनिंग स्वतः आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमांत होता. दुसरी, 1713 साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षाला आले आणि त्यांचं सरखेलपद मान्य झालं. तिसरी, या किनाऱ्यावर परवाना घ्यायला लावून, तो नसलेली जहाजं धरण्याची पद्धत पोर्तुगीजांनी आधीपासून चालवली होती. ते त्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. कान्होजीही आपली दस्तकं देत आणि दस्तक नसलेलं जहाज धरत. चौथी, हे पुस्तक 1924 मध्ये पुन्हा छापलं गेलं.

चौथी माहिती खरी आहे, पण या प्रश्नाला तिचा काही उपयोग नाही. ती मुद्दाम ठेवायची. 'पुन्हा छापलं म्हणजे पुस्तक खरं असणार' असं लिहिणारी मुलं निघतात, आणि ती वर्गात हुशार समजली जाणारीही असतात. बाकीच्या तीन माहितींना दोन्ही बाजूंनी धार आहे. डाउनिंग तिथे होता, म्हणून त्याने जे डोळ्यांनी पाहिलं त्याला वजन येतं. तो आंग्र्यांशी लढत होता, म्हणून त्याने त्यांना दिलेल्या विशेषणाचं वजन कमी होतं. एकाच वाक्यातून दोन विरुद्ध निष्कर्ष काढता येतात आणि दोन्हींना नीट कारण देता येतं. म्हणूनच हा प्रश्न मुक्तोत्तरी आहे. ज्या माहितीचा एकच अर्थ निघतो ती यादीत ठेवली, तर प्रश्न पुन्हा 'योग्य पर्याय निवडा' होऊन बसतो.

तिकिटाच्या पानावरही हाच साचा. ओळखीत 'भारतीय टपाल खातं, 1999' आणि कान्होजींच्या मृत्यूचं साल. प्रश्न असा : 'कान्होजींची जहाजं कशी दिसत हे दाखवायला एका मुलाने हे तिकीट जोडलं. हा पुरावा किती उपयोगी?' इथे माहितीची यादी देऊ नका. पहिल्या प्रश्नात हाताला धरून नेलं, दुसऱ्यात हात सोडायचा. 270 वर्षांचं अंतर मूल स्वतःहून मोजतं का, तेवढंच बघायचं.

दोन्ही पानांसाठी वीस-वीस मिनिटं द्या. उत्तराला सहा ओळींची जागा पुरे. जास्त ओळी आखल्या की मुलं त्या भरायला पाठांतर ओततात.

वर्गात देण्याआधी

पेपर देण्याच्या आधी दोन-तीन मुलांना वेगळं बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि डोक्यात येईल ते बोलायला सांगा. मुलं वेगवेगळ्या पातळीची घ्या. यातून प्रश्नाच्या भाषेतले खड्डे कळतात. 'विश्वासार्हता' या शब्दाला अडखळणारं मूल 'ह्याच्यावर विश्वास ठेवशील काय?' म्हटलं की लगेच बोलू लागतं. मग पेपरातही साधा शब्द वापरा. 'गुराब', 'सरखेल', 'दस्तक' हे शब्द मात्र बदलू नका. समासात त्यांचा एका ओळीत अर्थ द्या.

याच वेळी आणखी एक गोष्ट तपासून घ्या. साधनाची ओळख बोटाने झाकून प्रश्न विचारा. तरीही मूल तेच उत्तर देत असेल, तर तुमचा प्रश्न साधनाबद्दल नाहीच, तो कान्होजींबद्दलच्या मताचा आहे. असा प्रश्न दुरुस्त केल्याशिवाय वर्गात नेऊ नका.

गुण देणं

सगळी मेहनत इथे आहे. बऱ्याच ठिकाणी पेपर चांगला निघतो, पण तपासताना जुन्या सवयीने 'मुद्दे किती आले' असं मोजलं जातं. या उत्तरांत मुद्दे मोजायचे नाहीत, दुवा बघायचा. साधनाबद्दलची एखादी माहिती, त्या माहितीमुळे काय फरक पडतो, आणि तो फरक या विशिष्ट दाव्याला कसा लागू होतो, अशी साखळी उत्तरात आहे का?

डाउनिंगच्या पानावर साधारण कशा उत्तरांना काय गुण द्यावेत, ते नमुन्यांवरून बघू.

'कान्होजी चाचे नव्हते. ते मराठ्यांचे सरखेल होते. त्यांनी इंग्रजांना आणि पोर्तुगीजांना सळो की पळो करून सोडलं. इंग्रज आपल्या शूर लोकांना मुद्दाम बदनाम करत.' अक्षर सुरेख, भाषा शुद्ध. चारपैकी एक गुण. सरखेलपदाची माहिती निवडली खरी, पण ती साधनाला जोडली नाही. हे उत्तर दुसऱ्या कुठल्याही इंग्रजी कागदाखाली जसंच्या तसं चालेल. आणि तीच कसोटी मी सगळ्या उत्तरांना लावतो : साधन बदललं तरी उत्तर चालत असेल, तर मुलाने साधन वाचलेलं नाही.

'डाउनिंग स्वतः तिथे होता. त्याने डोळ्यांनी पाहिलं. म्हणून त्याने लिहिलेलं खरं आहे.' यालाही एकच गुण देण्याचा मोह होतो, कारण निष्कर्ष आपल्याला रुचत नाही. पण या मुलाने साधनाची ओळख वाचली आणि त्यातून कारण काढलं. दोन गुण. फक्त 'चाचा' हा डोळ्यांनी दिसण्याचा विषय नाही, ती पारख त्याला अजून जमलेली नाही.

'डाउनिंग कंपनीकडून आंग्र्यांशी लढत होता. ज्याच्यावर आपण हल्ला केला त्याला चाचा म्हटलं की हल्ला बरोबर ठरतो. आणि जहाजं परवान्यासाठी धरायची पद्धत पोर्तुगीजांचीही होती, मग एकाला चाचा आणि दुसऱ्याला सरकार का म्हणायचं? म्हणून हे पान कान्होजी चाचे होते याचा पुरावा नाही. पण कंपनीचे लोक त्यांच्याकडे कसं बघत, याचा चांगला पुरावा आहे.' चारपैकी चार. दोन माहिती, दोन्हींचा दाव्याशी दुवा, आणि साधन फेकून न देता ते कशाला उपयोगी पडेल याचं भान. शेवटचं वाक्य नसतं तर तीन.

आमच्याकडे देवगड-मालवण भागात अशीही उत्तरं येतात : 'तो तर तेंच्याच इरोधात लढी होतो, मगे तो तेंका बरा कित्याक म्हणतलो?' एवढंच. एक ओळ, तीही मालवणीत. साखळी पूर्ण आहे : लेखक कोण, त्याची बाजू कोणती, आणि म्हणून या शब्दाला किती किंमत द्यायची. एकच माहिती वापरली म्हणून तीन गुण, आणि बोलीसाठी एकही गुण कापायचा नाही. भाषेचं मूल्यमापन मराठीच्या तासाला होतं. इथे शुद्धलेखनाचे गुण मिसळले की विचार कोणाचा चांगला हे कळायचं बंद होतं. लिहायला अगदीच कचरणाऱ्या मुलाचं उत्तर तोंडी ऐकून शिक्षकाने लिहून घेतलं तरी चालतं.

तिकिटाच्या उत्तरांना तोच मापदंड. 'सरकारने काढलंय म्हणून खरं' याला एक. '1999 चं आहे, कान्होजी 1729 ला वारले, चित्रकाराने ती जहाजं पाहिलेली नाहीत' याला तीन. 'चित्रकाराने कुठल्या तरी जुन्या चित्रावरून काढलं असेल, तर ते मूळ चित्र कोणाचं आणि कधीचं ते शोधायला हवं' इथपर्यंत पोचलेल्या मुलाला चार. या मुलाला पुढचा दरवाजा दिसलाय. '1999 मध्ये देशाला कान्होजींची आठवण कशी ठेवायची होती ते यातून कळतं' असं कोणी लिहिलं, तर त्यालाही चार.

गुण देण्याआधी एक काम जरूर करा. दहा उत्तरपत्रिका काढा, त्यांच्या प्रती शाळेतल्या दुसऱ्या कोणा शिक्षकाला द्या, आणि दोघांनी एकमेकांना न दाखवता गुण द्या. मग मांडून बघा. एका गुणाचा फरक चालतो. दोन गुणांचा फरक जिथे पडेल ती उत्तरपत्रिका घेऊन बसा आणि मतभेद कोणत्या वाक्यावर आहे ते शोधा. बहुधा ते दुसऱ्या नमुन्यासारखं उत्तर असतं : तर्क ठीक, निष्कर्ष नावडता. त्यावर दोघांचं एकमत झालं की ते मापदंडात लिहून ठेवा आणि मगच बाकीचा गठ्ठा तपासा. छोट्या शाळेत दुसरे इतिहास शिक्षक नसतात. तिथे केंद्रातल्या शेजारच्या शाळेतल्या सरांना किंवा बाईंना विचारा. तेही नाही जमलं, तर नाव झाकून त्याच दहा उत्तरपत्रिका आठवड्याने पुन्हा तपासा.

दुसऱ्या-तिसऱ्या पेपरापासून येणारी अडचण

पहिल्या पेपरात मुलं गोंधळतात. तिसऱ्यापर्यंत ती एक सूत्र पकडतात : 'लेखक पक्षपाती आहे म्हणून साधन विश्वसनीय नाही.' शीर्षकपान, तिकीट, पोवाडा, काहीही द्या, उत्तर हेच. हे नवं पाठांतर आहे, आणि 'शंका घ्यायला शिकला' म्हणून आपणही त्यावर खूश होतो. हे ओळखायची खूण म्हणजे वर सांगितलेली कसोटी : वर्गातली अर्धी उत्तरं कागद बदलले तरी एकमेकांच्या जागी चालतील अशी होतात.

त्यावर उपाय म्हणजे पुढच्या पेपरात असं साधन द्यायचं, ज्यावर बऱ्याच अंशी विश्वास ठेवणं योग्य आहे. उदाहरणार्थ, 1756 सालच्या विजयदुर्गच्या लढाईवर एडवर्ड आइव्ह्ज याने लिहिलेलं वर्णन. तो ॲडमिरल वॉटसनच्या 'केंट' या जहाजावर शल्यवैद्य होता. आंग्र्यांच्या जहाजांना आग लागून सगळं आरमार जळालं, याबद्दल तो प्रत्यक्ष हजर असलेला साक्षीदार आहे. प्रश्न असा विचारा : 'आरमार जळालं, या गोष्टीसाठी आइव्ह्जवर विश्वास ठेवाल का? आणि किल्ला घेणं न्याय्य होतं की नाही, हे ठरवायला ठेवाल का? दोन्ही उत्तरं वेगळी असतील तर कारण लिहा.' आइव्ह्जही इंग्रज, तोही विरुद्ध बाजूचा. पण आग लागली हे खोटं सांगण्याचं कारण त्याच्याकडे काय? सूत्रावर विसंबलेलं मूल इथे अडकतं. ज्याला खरोखर समजलंय ते दोन्ही भागांना वेगळं उत्तर देतं.

त्याच लढाईत पेशव्यांचं सैन्य जमिनीवरून इंग्रजांच्या बाजूने उभं होतं, ही माहिती चौकटीत द्यायला विसरू नका. ती मुलांना ठाऊक नसते, आणि तिच्यामुळे 'आपली बाजू' म्हणजे कोणती हा प्रश्न आपोआप पुढे येतो. माहीत नसलेल्या पार्श्वभूमीवर विचार करायला सांगणं अन्यायाचं आहे. जे ज्ञान उत्तराला लागतं आणि शिकवून झालेलं नाही, ते पानावर छापलंच पाहिजे.

एका पेपरावरून कोणा मुलाबद्दल ठाम मत बनवू नका. दोन प्रश्नांत मूल एकदा सहज चुकतं किंवा त्याचा नेम सहज लागतो. वर्षभरात असे तीन-चार पेपर झाले आणि विषय बदलूनही मुलाचा हात आधी साधनाच्या ओळखीकडे जाताना दिसला, तर सवय लागली असं म्हणता येईल. उत्तरपत्रिका परत देताना गुणांसोबत एकच ओळ लिहा, आणि तीही प्रश्नाच्या रूपात : 'हे तू कोणत्या ओळीवरून ठरवलंस?' पुढच्या तासाला मुलांनी त्याच उत्तराखाली ती ओळ लिहायची आणि हवं असेल तर उत्तर बदलायचं. बदललेल्या उत्तराला नव्याने गुण द्या आणि नोंदवहीत दोन्ही आकडे ठेवा.